निकाल 94 टक्के, मग गणितात अडलं कुठे? शाळेचा निकाल विश्लेषण अहवाल लिहायला शिकताना

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाई स्टाफरूममध्ये डोकावतात आणि सगळ्यात नव्या शिक्षकाकडे बघून म्हणतात, "सर, विश्लेषणाचा अहवाल तुम्ही करा. शाळा समितीची मीटिंग पंधरवड्यात आहे." नवे सर गेल्या वर्षीची फाइल काढतात, आकडे बदलतात, शेवटची ओळ तशीच ठेवतात: "गणित व इंग्रजी विषयांत विद्यार्थी कच्चे असून जादा तास घेण्यात यावेत." सही, शिक्का, झालं. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं.

पुण्यात हडपसरच्या बाजूला, दोन तुकड्यांच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी गणित शिकवतो. तुकडी अ सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. तुकडी ब पूर्ण मराठी. अहवाल नीट कसा करायचा हे पुढे एकाच विषयावर, गणितावर, करून दाखवतो. एक विषय तळापर्यंत गेलात की उरलेले पाच त्याच वाटेने जातात. आकडे उदाहरणासाठी बेतलेले आहेत, पण चित्र दरवर्षी जवळपास असंच असतं.

पहिली पायरी: भागाकार कशाने करायचा ते ठरवा

मंडळाच्या निकालात तीन वेगळे आकडे असतात: नोंदणी झालेले, परीक्षेस प्रविष्ट झालेले आणि उत्तीर्ण. उत्तीर्णतेची टक्केवारी प्रविष्ट विद्यार्थ्यांवर काढायची. आपल्या उदाहरणात नियमित विद्यार्थी 86, प्रविष्ट 84 आणि उत्तीर्ण 79. म्हणजे निकाल 94.05 टक्के. पुनर्परीक्षार्थी आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसलेले विद्यार्थी या हिशेबात मिसळायचे नाहीत. त्यांची ओळ वेगळी ठेवा. एकदा एका सहकाऱ्याने ती मिसळली आणि निकाल चार टक्क्यांनी घसरला. समितीत अर्धा तास त्यावरच खडाजंगी झाली.

शाळेच्या लॉगिनमधून एकत्रित निकाल मिळाला की तो एक्सेलमध्ये घ्या. एका ओळीत एक विद्यार्थी, पहिल्या रकान्यात बैठक क्रमांक, मग तुकडी, मग विषय. गैरहजर विद्यार्थ्यासमोर AB लिहायचं, शून्य नाही. शून्य लिहिलं की तो प्रविष्ट धरला जातो आणि वर नापासही ठरतो.

समजा गणिताचे एकूण गुण G रकान्यात आहेत. मग ही तीन सूत्रं पुरतात:

```
=COUNT(G2:G87)
=COUNTIF(G2:G87,">=35")
=COUNTIFS(G2:G87,">=25",G2:G87,"<=34")
```

पहिलं सूत्र फक्त आकडे मोजतं, त्यामुळे AB आपोआप बाजूला पडतात आणि उत्तर 84 येतं. उत्तर 84 ऐवजी 60-65 आलं तर घाबरू नका. कुठूनतरी चिकटवलेले गुण एक्सेलने मजकूर म्हणून घेतलेत. असे आकडे खणाच्या डाव्या कडेला चिकटून दिसतात, त्यावरून ओळखा.

आणखी एक सांगतो, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. गुणांप्रमाणे उतरता क्रम लावताना मी एकच रकाना निवडला आणि क्रमवारी लावली. नावं जागच्या जागी राहिली, गुण मात्र वरखाली झाले. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला गणितात 22 दिसले म्हणून वाचलो, नाहीतर तो अहवाल तसाच गेला असता. तेव्हापासून तक्ता पूर्ण झाला की वरची, मधली आणि खालची अशी तीन नावं निवडून मूळ गुणपत्रिकेशी ताडून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी पायरी: एका विषयाचे तीन निकाल काढा

नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

गणितात उत्तीर्ण किती, या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही खरी आहेत.

पहिलं उत्तर मंडळाच्या नियमाने. दहावीला गणित आणि विज्ञान यांचा एकत्रित विचार होतो. दोन्ही मिळून 70 गुण हवेत आणि प्रत्येकात किमान 25. एखाद्या मुलीला गणितात 29 आणि विज्ञानात 43 असतील तर बेरीज 72 होते आणि ती दोन्ही विषयांत सुटते. भाषांनाही असाच नियम आहे: तीन भाषा मिळून 105, प्रत्येकीत किमान 25. आपल्या उदाहरणात या नियमाने गणितात 79 विद्यार्थी सुटले, म्हणजे 94.05 टक्के. जे पाच राहिले तेच शाळेचे एकूण अनुत्तीर्ण.

दुसरं उत्तर 35 गुणांच्या रेषेने. वरचं दुसरं सूत्र चालवलं की 71 येतात, म्हणजे 84.5 टक्के. 25 ते 34 मधले दहा विद्यार्थी आहेत, त्यातल्या आठांना विज्ञानाने हात दिला. या आठ जणांना गणित आलं असं कागद म्हणतो. वर्गात शिकवणाऱ्याला ते पटणार नाही.

तिसरं उत्तर फक्त लेखी गुणांचं. गणिताच्या 100 गुणांत 40 बीजगणित, 40 भूमिती आणि 20 अंतर्गत मूल्यमापन. गुणपत्रिकेवर एकच बेरीज छापलेली असते, पण अंतर्गत गुण आपणच मंडळाला पाठवलेले असतात, त्याची प्रत ऑफिसात असते. ते गुण H रकान्यात भरा आणि वजा करा:

```
=IF(ISNUMBER(G2),G2-H2,"AB")
```

हे 80 पैकी लेखी गुण. त्याचे 35 टक्के म्हणजे 28. इतके मिळवणारे निघाले 51, म्हणजे 60.7 टक्के.

एकाच विषयाचे, एकाच परीक्षेचे, एकाच 84 मुलांचे हे आकडे: 94, 84.5 आणि 60.7. अंतर्गत 20 पैकी बहुतेकांना 16 ते 18 दिलेले असतात (आपल्यात बोलायचं तर का दिलेले असतात ते सगळ्यांना माहीत आहे), त्यामुळे लेखीत 19 मिळालेला मुलगाही 35-37 वर पोचतो. अहवालात तिन्ही आकडे शेजारीशेजारी लिहा. खाली प्रत्येकाचा अर्थ एका वाक्यात द्या. लपवाछपवी म्हणून नाही, पण फक्त पहिला आकडा लिहिलात तर "94 टक्के आहे की, मग जादा तास कशाला?" असा प्रश्न समितीतून येणारच, आणि त्याला उत्तर नसेल.

याच कारणासाठी गुणपत्रिकेवरची एकूण टक्केवारी कच्चा भाग शोधायला वापरू नका. ती सर्वोत्तम पाच विषयांवर काढलेली असते. मुलाचा सगळ्यात कमी गुणांचा विषय त्यातून गळून पडतो आणि आपण नेमका तोच शोधत असतो. 72 टक्के मिळवलेल्या मुलाला गणितात 36 असू शकतात.

आता गुणांचे गट पाडा. गणिताचं असं निघालं:

| एकूण गुण | विद्यार्थी |
|---|---|
| 25 पेक्षा कमी | 3 |
| 25 ते 34 | 10 |
| 35 ते 44 | 19 |
| 45 ते 59 | 24 |
| 60 ते 74 | 17 |
| 75 व त्यावर | 11 |

बेरीज 84 आली की नाही बघा. मला या तक्त्यात 35 ते 44 ची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे 19 जण कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, कारण ते पास आहेत. पण अंतर्गत गुण काढून घेतले तर यातले जवळपास सगळे लेखीच्या रेषेखाली जातात. म्हणून पुढच्या कामासाठी मी 45 च्या खालचे सगळे घेतो: 3, 10 आणि 19 मिळून 32.

मागच्या वर्षाशी तुलना करायची असेल तर एक लक्षात ठेवा. 84 मुलांत एक मूल म्हणजे 1.19 टक्के. 94 चे 92 झाले म्हणजे दोन मुलं. त्यावरून "घसरण" हा शब्द लिहू नका. तीन वर्षांचे आकडे एका ओळीत मांडा आणि लेखी निकालाचीच तुलना करा. आणि तुकडी अ विरुद्ध तुकडी ब असा तक्ता शिक्षकांच्या नावासकट कधीच काढू नका. आठवीत गुण बघूनच मुलं सेमीला टाकलेली असतात, मग अ चा निकाल चांगला लागला यात शिक्षकाचं श्रेय किती ते त्या तक्त्यातून कळत नाही. भांडणं मात्र होतात.

तिसरी पायरी: पूर्वपरीक्षेचा गठ्ठा सोडा

कोणत्या विषयात आणि कोणती मुलं मागे आहेत, एवढंच मंडळाचा निकाल सांगतो. का मागे आहेत हे तो सांगू शकत नाही, कारण प्रश्नवार गुण शाळेकडे येत नाहीत. ते कळण्याची एकच जागा आहे: जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका. त्या रद्दीत देऊ नका असं डिसेंबरातच शिपाई काकांना सांगून ठेवा. आमच्याकडे एका वर्षी मे महिन्यात कपाट आवरताना सगळे गठ्ठे गेले आणि त्या वर्षीचा अहवाल अंदाजपंचे झाला.

वरच्या 32 पैकी दोघे पूर्वपरीक्षेला गैरहजर होते. उरल्या 30 उत्तरपत्रिका: सेमीच्या 11, मराठीच्या 19. बीजगणिताची प्रश्नपत्रिका मंडळाच्या आराखड्याची असेल तर सगळे प्रश्न मोजत बसू नका. दोन, तीन आणि चार गुणांच्या प्रश्नांतला एकेक उपप्रश्न निवडा. प्रत्येक उत्तरपत्रिकेत त्या उपप्रश्नासमोर तीनपैकी एक खूण करा: कोरा, अडला, पूर्ण. गुण लिहू नका. "दोनपैकी एक" या गुणावरून काहीच कळत नाही. अडला असेल तर कुठे अडला ते दोन शब्दांत लिहा.

इथे एक सापळा आहे. प्रश्न 2 (ब) मध्ये पाचपैकी कोणतेही चार सोडवायचे असतात, प्रश्न 3 (ब) मध्ये चारपैकी दोन. म्हणजे कोरा उपप्रश्न हा पर्याय म्हणून सोडलेलाही असू शकतो. मुलाने मागितलेली संख्या दुसरीकडे पूर्ण केली असेल तर तो "कोरा" धरायचा नाही, त्याच्यापुढे आडवी रेघ मारा. हे केलं नाही तर सगळ्यात अवघड उपप्रश्न सगळ्यात "कच्चा" दिसेल आणि हुशार मुलांनी टाळलेलं गणित तुमच्या कृती आराखड्यात शिरेल.

दोन उपप्रश्न घेऊ.

पहिला दोन गुणांचा, अंकगणिती श्रेढीवरचा: 5, 9, 13, … या श्रेढीचे 20 वे पद काढा. तीस उत्तरपत्रिकांत कोरे 4, पूर्ण 9, अडलेले 17. माझी पहिली प्रतिक्रिया "श्रेढी आली नाही" अशीच होती. मग अडलेले 17 एकेक करून बघितले. त्यातल्या 11 जणांनी सूत्र बरोबर लिहिलं होतं, a = 5, d = 4 बरोबर घेतलं होतं, n − 1 = 19 सुद्धा बरोबर. पुढची ओळ होती:

```
5 + 19 × 4 = 24 × 4 = 96
```

उत्तर 81 यायला हवं. आधी गुणाकार, मग बेरीज. कंचेभागुबेव. प्राथमिकच्या इयत्तेतली गोष्ट! श्रेढी त्या अकरा जणांना येत होती. पदावलीचा क्रम येत नव्हता. मी जर "श्रेढीचे जादा तास" लावले असते तर त्यांना येत असलेलं पुन्हा शिकवलं असतं आणि पुढच्या वर्षीही 96 च आले असते.

ही मुलं निकालानंतर गुणपत्रिका आणि दाखला न्यायला येतात. तेव्हा पाच-सहा जणांना बसवा, तेच गणित पुन्हा द्या आणि म्हणा, "बोलत बोलत कर." एक जण म्हणाला, "सर, बेरीज आधी दिसली म्हणून आधी केली. वाचतो तसंच करायचं ना?" या एका वाक्याने मला जे कळलं ते तक्त्यातून कळलं नव्हतं. त्याच्या डोक्यात नियम नव्हता असं नाही, चुकीचा नियम होता: डावीकडून उजवीकडे.

दुसरा उपप्रश्न दोन चलांतल्या रेषीय समीकरणांवरचं शाब्दिक उदाहरण: दोन पेन आणि तीन वह्यांची किंमत 130 रुपये, तीन पेन आणि दोन वह्यांची 120 रुपये, तर एका पेनची आणि एका वहीची किंमत काढा. (उत्तर पेन 20, वही 30.) इथे कोरे 21, अडलेले 6, पूर्ण 3. मात्र त्याच प्रश्नपत्रिकेत तयार समीकरणं देऊन सोडवायला सांगितलेला दोन गुणांचा उपप्रश्न याच मुलांपैकी 16 जणांनी बरोबर सोडवला होता. म्हणजे अडचण सोडवण्यात नाही, वाक्यावरून समीकरण मांडण्यात आहे.

कोऱ्या 21 ची तुकडीवार फोड केली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सेमीच्या 11 पैकी 10 कोरे, मराठीच्या 19 पैकी 11. सेमीच्या मुलांना गणित इंग्रजीतून येतं, आणि चार ओळींचं इंग्रजी वाक्य दिसलं की ती पुढच्या प्रश्नाला जातात. हा अंदाज झाला. अहवालात तो अंदाज म्हणूनच लिहा. पडताळणी पुढच्या पायरीत येते.

चौथी पायरी: कच्चे भाग लिहिणे

कच्चा भाग म्हणजे धड्याचं नाव नाही. "प्रकरण 1 व प्रकरण 3 मध्ये विद्यार्थी कच्चे" हे वाक्य वाचून कोणत्याही शिक्षकाला सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही. मी असं लिहितो:

"45 पेक्षा कमी गुण मिळालेल्या 30 विद्यार्थ्यांच्या पूर्वपरीक्षा उत्तरपत्रिका पाहिल्या. 11 जण सूत्रात किमती बरोबर घालतात, पण गुणाकाराच्या आधी बेरीज करतात. 21 जणांनी शाब्दिक उदाहरणाला हात लावलेला नाही. मात्र 30 पैकी 16 जणांना तयार समीकरणे सोडवता येतात."

दोन-तीन कच्चे भाग पुरेत. यादी दहा-बाराची झाली की त्यातलं एकही काम होत नाही. कोणते निवडायचे? जिथे मुलं जास्त आहेत आणि चूक एकाच जागची आहे ते आधी. पदावलीची चूक मला म्हणूनच आवडते (आवडते हा शब्द चुकीचा आहे, पण असो): ती श्रेढीत गुण खाते, सांख्यिकीत खाते, भूमितीत निर्देशकांच्या अंतराच्या सूत्रातही खाते. एक जागा दुरुस्त केली की चार ठिकाणी फरक पडतो.

समितीच्या प्रतीत मुलांची नावं घालू नका. बैठक क्रमांकही नको, फक्त संख्या द्या. नावांची यादी वर्गशिक्षक आणि विषयशिक्षक यांच्या फाइलीत राहू द्या.

पाचवी पायरी: सुधारणा आराखडा, आणि तो कुणासाठी

ज्यांच्या चुका आपण एवढ्या बारकाईने बघितल्या ती मुलं शाळा सोडून गेली, हे बहुतेक आराखड्यांत विसरलेलं असतं. मागे उरले ते पाच अनुत्तीर्ण, त्यांची पुरवणी परीक्षा. त्यांचं काम आराखड्यात सगळ्यात वर आणि वेगळं लिहा. फॉर्मची मुदत छोटी असते. ती कोण बघणार, या पाच जणांना रोज कोण आणि कुठे बसवणार, हे नावानिशी ठरवा. लेखी गुण 10 च्या आत असलेल्या मुलाला सगळा अभ्यासक्रम शिकवायचा प्रयत्न करू नका. एक-एक गुणाचे प्रश्न, कृती पूर्ण करा आणि दोन गुणांची गणितं एवढंच घ्या.

उरलेला आराखडा नव्या दहावीसाठी. त्यांच्यात त्याच चुका आहेत हे गृहीत धरायचं नाही, तपासायचं. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांची दहा गणितांची चाचणी घ्या. तयार चाचणी कुठून आणू नका, पूर्वपरीक्षेत सापडलेल्या चुकांवरूनच बनवा: 5 + 19 × 4 सारखी दोन, ऋण संख्यांची दोन, 2000 रुपयांवर 18 टक्के जीएसटी किती यासारखं एक, तयार समीकरणं सोडवण्याची दोन, आणि शाब्दिक उदाहरणावरून फक्त समीकरण मांडण्याची तीन. सेमीच्या तुकडीला शाब्दिक उदाहरणं एकदा इंग्रजीतून आणि तीन-चार दिवसांनी, आकडे बदलून, मराठीतून द्या. मराठीतून येतं आणि इंग्रजीतून येत नाही असं निघालं तर वरचा अंदाज खरा ठरला, आणि मग ते काम इंग्रजीच्या बाईंना सोबत घेऊन करायचं. दोन्हीकडे सारखंच अडलं तर भाषेला दोष देऊ नका.

समजा 81 जणांच्या नव्या वर्गात पदावलीची गणितं 36 जणांची चुकली. आता आराखड्याची ओळ लिहिता येते:

"पदावलीचा क्रम: 36 विद्यार्थी. आठवड्यातून चार दिवस, परिपाठापूर्वी 20 मिनिटे, सहा आठवडे. तुकडी अ ची मुले अमुक सर, तुकडी ब ची अमुक बाई. रोज पाच गणिते, पाचवे त्या आठवड्यातील धड्यातील सूत्राचे. जुलैअखेर वेगळ्या आकड्यांची तीच चाचणी. चुकणारे 10 पेक्षा जास्त राहू नयेत."

शाब्दिक उदाहरणांसाठी रोज एकच उदाहरण, आणि पहिले तीन आठवडे ते सोडवायचंच नाही. काय दिलंय, काय काढायचंय, x कशाला धरला आणि दोन समीकरणं, एवढ्या चार ओळी लिहून वही बंद. सुरुवातीला मुलं कुरकुर करतात, "सर, उत्तर?" असं विचारतात. मंडळाच्या तपासणीत पायरीवार गुण असतात, समीकरण बरोबर मांडलं तरी काही गुण पदरात पडतात, हे त्यांना जुनी उत्तरपत्रिका दाखवून सांगा. मग ऐकतात.

तारखा टाकताना भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसा. जून-जुलैत पालखी पुण्यातून हडपसरमार्गे पुढे जाते तेव्हा या भागातले रस्ते बंद असतात, शाळाही. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, मग पहिल्या सत्राची परीक्षा, दिवाळीची सुट्टी, डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी. जानेवारीत पूर्वपरीक्षा. कागदावर सहा महिने दिसतात, पण सलग शिकवायला मिळणारे आठवडे जुलै ते मध्य-ऑगस्ट आणि दिवाळीनंतरचे चार-पाच. पायाचं काम जुलैतच संपवायला हवं ते यामुळे. "वर्षभर जादा तास" अशी ओळ लिहिलीत तर गणपतीपर्यंत ते तास बंद पडलेले असतील.

जादा तासाला मुलं का येत नाहीत तेही आधी विचारून घ्या. आमच्याकडे शाळा सुटल्यानंतरचा तास तीनदा बंद पडला. दुपारनंतर काही मुलं घरच्या टपरीवर बसतात, काहींची पीएमपीची बस चुकते. परिपाठाआधीचा वेळ त्यामानाने टिकला, तोही सहा आठवडेच.

अहवालाची मांडणी

चार-पाच पानं पुरेत. पहिल्या पानावर नोंदणी, प्रविष्ट, उत्तीर्ण आणि सहाही विषयांचे तीन-तीन निकाल. भाषांचं अंतर्गत मूल्यमापनही 20 गुणांचं असतं, तेव्हा लेखी निकाल त्यांचाही निघतो. दुसऱ्या पानावर गुणांचे गट. तिसऱ्यावर कच्चे भाग, प्रत्येकाखाली किती उत्तरपत्रिका बघितल्या तो आकडा. चौथ्यावर आराखडा: किती मुलं, काय, कोण, कधीपर्यंत, कशावरून कळणार. विषयशिक्षकांना मसुदा आधी दाखवा आणि सह्या घ्या. समितीच्या बैठकीत अहवाल पहिल्यांदा वाचणारा विषयशिक्षक उखडतो, आणि त्याचं चूक नसतं.

शेवटी एक कोरं पान जोडा. त्यावर फक्त शीर्षक टाका: "प्रथम सत्र परीक्षेनंतरची नोंद". ऑक्टोबरात त्या 36 जणांच्या उत्तरपत्रिका काढायच्या आणि सूत्रात किमती घातल्यानंतरची ओळ बघायची. अजून किती जण आधी बेरीज करतात ते मोजून, तो आकडा तारखेसह तिथे लिहायचा.